शून्याने गुणल्यावर

लातूर-नांदेड भागात आम्ही विंधन विहिरींची पाणीपातळी मोजत होतो. एका सहकाऱ्याच्या नोंदी अर्धवट येत. भत्ता वाढवला, फरक पडला नाही. मग व्हिक्टर व्रूम यांच्या 1964 च्या सिद्धांतातले तीन प्रश्न विचारले. प्रयत्न केल्यास काम जमेल असे वाटते का? जमल्यास मोबदला नक्की मिळेल का? तो हवासा वाटतो का? प्रेरणा म्हणजे या तिन्हींचा गुणाकार.

सहकारी म्हणाला, "सर, टेप पाइपाच्या ओल्या भिंतीला चिकटते. कितीही जपून मोजलं तरी आकडा चुकतोच."

म्हणजे पहिली संख्याच शून्याजवळ होती. भत्त्याने वाढली फक्त तिसरी. पाण्याला टेकताच वाजणारे मापक दिले, दोन दिवस सोबत मोजले. नोंदी पूर्ण येऊ लागल्या. या संख्या ज्याच्या-त्याच्या मनातल्या असतात. म्हणून त्या विचारूनच कळतात.