काठावरून मोजलेलं मैदान

शंभर मीटर त्रिज्येचं गोल मैदान आहे. मधोमध उभं राहिलं, तर मैदानातले बिंदू आपल्यापासून सरासरी किती लांब असतात? उत्तर सुमारे 67 मीटर, म्हणजे त्रिज्येच्या दोन-तृतीयांश. आता काठावर येऊन हाच प्रश्न विचारू. इथे दुहेरी संकलन लागतं, आणि सगळी गोम सीमा ठरवण्यात आहे.

शंभर मीटरला 1 मानू. आपण आरंभबिंदूवर उभे आहोत आणि मैदानाचं केंद्र (1, 0) वर आहे. मैदानाची कड (x − 1)² + y² = 1. कंस सोडवला की x² + y² = 2x उरतं. ध्रुवीय पद्धतीत बिंदूची जागा अंतर r आणि कोन θ यांनी सांगतात, म्हणून x² + y² च्या जागी r² आणि x च्या जागी r cos θ येतं. मग r² = 2r cos θ, म्हणजेच r = 2 cos θ. समोर, θ = 0 असताना, पलीकडची कड 2 अंतरावर, म्हणजे पूर्ण व्यासाइतकी लांब. नजर बाजूला वळवत गेलो की हे अंतर घटतं आणि काटकोनात शून्य होतं, कारण तिथे नजर कडेच्या स्पर्शिकेवर येते. मैदान पूर्णपणे समोरच्या अर्ध्या भागात आहे, त्यामुळे r 0 पासून 2 cos θ पर्यंत आणि θ −π/2 पासून π/2 पर्यंत.

प्रत्येक बिंदूचं अंतर r, आणि ध्रुवीय पद्धतीत क्षेत्रफळाचा लहानसा तुकडा r dr dθ. तो r विसरणं ही नेहमीची चूक. म्हणून r² चं संकलन करायचं. आधी r नुसार केलं की (8/3) cos³ θ मिळतं. cos³ θ चं −π/2 ते π/2 संकलन 4/3, म्हणून एकूण 32/9. क्षेत्रफळ π ने भागलं की 32/(9π), सुमारे 1.13. म्हणजे काठावरून सरासरी अंतर 113 मीटर.

वर्तुळ म्हटलं की हात आपोआप 0 ते 2π लिहितो. इथे तसं केलं तर उत्तर चक्क शून्य येतं, कारण पाठीमागच्या दिशांना cos θ ऋण होतो आणि समोरची बेरीज खाऊन टाकतो. शून्य सरासरी अंतर अशक्य, तेव्हा ही चूक निदान लपत तरी नाही. नुसतं क्षेत्रफळ काढताना मात्र ती सभ्य चेहऱ्यानं येते: त्याच सीमांनी वर्तुळ दोनदा फिरून π ऐवजी 2π मिळतं.

आरंभबिंदूच केंद्रावर सरकवला तर? सीमा सोप्या होतात, पण अंतराचं सूत्र √(1 + 2r cos θ + r²) होऊन बसतं. ते सोडवत बसण्यापेक्षा मी तरी 2 cos θ च पत्करेन. आपण काठाबाहेर उभे असलो, तर मात्र प्रत्येक दिशेला r ला खालचीही सीमा लागते, कारण नजर मैदानात एका जागी शिरते आणि दुसऱ्या जागी बाहेर पडते.