गर्दीतलं मंगळसूत्र

लोकलच्या खिडकीत बसलेल्या बाईचं मंगळसूत्र फलाटावरून खेचलं जातं, ते बहुतेक वेळा गाडी हलते त्या क्षणी. चोर मागे राहतो, बाई पुढे जाते आणि पाठलाग करायला कोणीच उरत नाही. म्हणून गाडी सुटताना खिडकीपासून जरा आत सरकावं आणि पदर किंवा ओढणी गळ्याभोवती घ्यावी.

लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घालून आतल्या बाजूने सेफ्टी पिन लावली, तर ते दिसतही नाही आणि चटकन हातातही येत नाही. पण जाड, मजबूत साखळी म्हणजे सुरक्षित साखळी नव्हे. हिसका बसल्यावर ती तुटली नाही, तर मानेला इजा होते किंवा चालत्या गाडीतून तोल जातो. रोजच्या प्रवासाला काळ्या मण्यांची दोऱ्यात ओवलेली आखूड पोत किंवा हातातलं मंगळसूत्र बरं. कानातही लोंबत्या झुब्यांपेक्षा मळसूत्राची फिरकी असलेली कुडी घालावी, कारण झुबा ओढला तर कानाची पाळी फाटते.

गणपतीच्या रांगेत पद्धत बदलते. तिथे हिसका नसतो. मागून रेटा येतो आणि त्या गडबडीत मानेमागचा हूक काढला जातो. म्हणून अंबाडा घालून मान उघडी टाकण्यापेक्षा केस मोकळे ठेवावेत किंवा मानेवरून पदर घ्यावा. कारण नसताना धक्का बसला, की आधी गळा चाचपावा.

तरीही कोणी दागिना ओढलाच, तर झटापट करू नये. रेल्वेत १३९ आणि बाहेर ११२ वर लगेच फोन करावा.