सोळावर थांबायचं का?

ब्लॅकजॅकमध्ये तुमच्याकडे १६ आणि डीलरचं उघडं पान छक्की. आणखी पान मागावंसं वाटतं. पण १३ प्रकारच्या पानांपैकी छक्कीपासून राजापर्यंतची ८ तुम्हाला २१च्या पलीकडे नेतात. डीलरला मात्र १७ होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. छक्कीवर तो शंभरात सुमारे ४२ वेळा २१ ओलांडतो. म्हणून थांबायचं. तरीही हा डाव तोट्याचाच, फक्त तोटा कमी.

असे सगळे निर्णय गणिताने घेतले, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कसिनोची आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. संपत मात्र नाही.

एडवर्ड थॉर्प यांनी १९६२मध्ये पानमोजणी जगासमोर मांडली. तिचा आधार एवढाच, की गेलेली पानं परत येत नाहीत. ऑनलाइन सॉफ्टवेअर बहुधा दर डावाला सगळी पानं पुन्हा पिसतं. मग मोजायचं काय? थेट डीलरच्या टेबलावरही अनेकदा ८ जोड असतात आणि बरीच पानं न वाटताच पिसली जातात.