सोनोग्राफीत गर्भ दिसला नाही, तर?

पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले, लघवीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, आणि सोनोग्राफीत गर्भ दिसलाच नाही. घरात कोणी म्हणतं, गर्भ गेला. कोणी म्हणतं, मशीनच बिघडलं. डॉक्टर मात्र यातलं काहीच लगेच धरत नाहीत. कारण शक्यता तीन असतात. गर्भ पिशवीतच आहे, पण दिसण्याएवढा मोठा नाही. गर्भ पडून गेला आहे. किंवा तो पिशवीबाहेर, बहुतेक वेळा गर्भनळीत, रुजला आहे. ही तिसरी शक्यता जिवावर बेतू शकते, कारण नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो.

हे ओळखायला रक्तातलं बीटा एचसीजी तपासतात. जिची पुढे वार होते, त्या पेशी हे संप्रेरक तयार करतात. एकाच आकड्यावरून गर्भ कुठे आहे ते कळत नाही. म्हणून ४८ तासांनी पुन्हा रक्त देतात, आणि तेही त्याच लॅबमध्ये, कारण दोन लॅबच्या आकड्यांत फरक पडू शकतो.

समजा, आपल्या गटातल्या एका ताईचा पहिला आकडा ४०० आला. दोन दिवसांनी तो ७०० झाला, तर गर्भ पिशवीत वाढत असण्याची शक्यता जास्त. आठवड्या-दोन आठवड्यांत सोनोग्राफी करून खात्री करतात. आकडा १८० वर उतरला, तर बहुधा गर्भ टिकणार नाही. दोन आठवड्यांनी पट्टीची तपासणी पुन्हा करतात. पण आकडा ४८० झाला, म्हणजे वाढला खरा पण रेंगाळला, तर नळीतल्या गर्भाचा संशय येतो आणि डॉक्टर लगेच, २४ तासांच्या आत, पुन्हा तपासायला बोलावतात.

तरी आकड्यावर पूर्ण विसंबायचं नाही. नळीतल्या गर्भातही आकडा कधी नीट वाढतो, कधी उतरतो. म्हणून गर्भाची जागा कळेपर्यंत किंवा आकडा अगदी खाली जाईपर्यंत तपासणी सोडायची नाही.

या काळात मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्यांनी नळीतला गर्भ जात नाही. रक्त मात्र जातं, आणि बाई समजते की मोकळी झाले. नळीतला गर्भ वेळेवर सापडला, तर काहींना इंजेक्शनने बरं होता येतं, काहींना ऑपरेशन लागतं.

ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी, घाम, अंगावरून रक्त, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या रक्ततपासणीची वाट बघायची नाही. रक्त अंगावरून थोडंच जात असलं, तरी पोटात जास्त साचलेलं असू शकतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठायला वेळ लागतो. म्हणून रात्र असली तरी १०८ ला फोन करा, आशाताईंना कळवा, आणि दोन्ही रिपोर्ट सोबत घ्या.