सर्वांत तीव्र चढ आणि समोच्च रेषेचा काटकोन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराभोवती तपकिरी रेषांची वेटोळी दिसतात. या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात, आणि लगतच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरांचा फरक असतो. रेषेवरून चालत राहिलं तर चढही नाही, उतारही नाही. मग सर्वांत तीव्र चढ कोणत्या दिशेला? ती दिशा आणि तिथल्या चढाचं माप मिळून गणितात ग्रेडियंट होतो. तो रेषेला काटकोनातच असतो.

का, ते एका लहान तुकड्यावर पाहू.

समजा, डोंगराच्या एका बाजूला पूर्वेकडे दर १० मीटरांना ३ मीटर चढ आहे आणि उत्तरेकडे दर १० मीटरांना ४ मीटर. अंतरं आडवी धरायची, नकाशावर मोजतात तशी. ४० मीटर पूर्वेला गेलं की १२ मीटर चढ होतो; तिथून ३० मीटर दक्षिणेला गेलं की १२ मीटर उतार. उंची पुन्हा पहिलीच! म्हणजे या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ही समोच्च रेषा.

आता त्याच जागेहून ३० मीटर पूर्वेला आणि ४० मीटर उत्तरेला जाऊ. चढ ९ अधिक १६, म्हणजे २५ मीटर. सरळ अंतर ५० मीटर. तेवढंच अंतर नुसतं उत्तरेला कापलं तर २० मीटर चढ मिळतो, नुसतं पूर्वेला कापलं तर १५. चौकटीच्या कागदावर या दोन्ही रेघा काढून गुण्या लावावा. काटकोन चोख बसतो.

हा आकड्यांचा योगायोग नाही. कोणतीही चाल दोन भागांत मोडता येते: एक रेषेच्या दिशेने, दुसरा रेषेला काटकोनात. पहिल्या भागाने उंची वाढतच नाही, ते चालणं चढाच्या हिशेबात वाया जातं. म्हणून सगळंच्या सगळं अंतर काटकोनात खर्चलं, तरच चढ सर्वाधिक होतो.

खरा डोंगर असा सपाट फळीसारखा नसतो, हे खरं. पण पुरेसा लहान तुकडा घेतला की वळलेली रेषाही जवळजवळ सरळ होते आणि हाच हिशेब लागू पडतो. माथ्यावर आणि खिंडीच्या मध्यावर मात्र ग्रेडियंट शून्य होतो, तिथे तीव्र चढाची दिशाच उरत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा कडा बाहेर झुकतो, तिथे नकाशावरच्या एकाच बिंदूला एकच उंची राहत नाही आणि नियमाचा आधारच सुटतो.

आणखी एक दक्षता घ्यावी लागते. नकाशा फक्त एका बाजूने ताणून छापला, तर रेषा त्याच ठिकाणांवरून जातात, पण त्यांच्याशी होणारे कोन बदलतात. दोन्ही दिशांचं प्रमाण सारखं असेल, तरच नकाशावर गुण्या लावावा.