पहिल्याच फेरीत नदाल!

२०२४च्या फ्रेंच ओपनमध्ये चौथ्या मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव्हच्या वाट्याला पहिल्याच फेरीत कोण यावं? ही स्पर्धा चौदा वेळा जिंकलेला राफेल नदाल. मग मानांकनाचा उपयोग काय?

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यातल्या ३२ जणांना साधारणपणे जागतिक क्रमवारीनुसार मानांकन मिळतं. ड्रॉच्या तक्त्यात पहिला मानांकित सर्वांत वर, तर दुसरा सर्वांत खाली बसतो. त्यांची गाठ पडलीच तर अंतिम फेरीत. तिसरा आणि चौथा यांतला कोण कुणाच्या अर्ध्यात जाणार, हे चिठ्ठीवर ठरतं. पाच ते आठ क्रमांकांचे खेळाडूही चिठ्ठीनेच चार भागांत वाटले जातात. म्हणून पहिल्या मानांकिताला उपांत्यपूर्व फेरीत आठवाच भेटेल असं नाही, पाचवाही भेटू शकतो. उरलेल्या मानांकितांच्या जागाही अशा राखलेल्या असतात, की तिसऱ्या फेरीपर्यंत दोन मानांकित समोरासमोर येत नाहीत.

बाकीचे ९६ मात्र निव्वळ नशिबाच्या हवाली. दुखापतींमुळे नदाल क्रमवारीत २७५व्या स्थानावर घसरला होता. दुखापतग्रस्तांसाठीच्या संरक्षित क्रमवारीने त्याला प्रवेश मिळाला, पण त्या क्रमवारीवर मानांकन मिळत नाही. चिठ्ठीला त्याची चौदा विजेतेपदं कुठून दिसणार? झ्वेरेव्ह तीन सेटमध्ये जिंकला आणि पुढे थेट अंतिम फेरीपर्यंत गेला.