दसऱ्यानंतर पाणी कोण घालणार?

केजमध्ये जुलैत झाड लावणं मुळीच अवघड नाही. जमीन ओली असते, मुलं उत्साहात असतात, रोपं स्वस्त मिळतात. अवघड काम सुरू होतं ते दसऱ्यानंतर. पाऊस थांबतो आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. मुलंही सोबत जातात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या सहा महिन्यांत रोपाला पाणी हवं, त्याच सहा महिन्यांत रोप लावणारा गावात नसतो.

हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आम्ही मोहल्ल्यातल्या मुलांकडून कब्रस्तानच्या भिंतीलगत चाळीस रोपं लावून घेतली, फोटो काढले, सरबत वाटलं. पुढच्या मृग नक्षत्रात पाच जिवंत होती. दुसऱ्या वर्षी आम्ही फक्त सोळा लावली आणि मुलं होती बत्तीस. त्या सोळांची ही हकीकत.

रोपं निवडायला आम्ही मुलांनाच रोपवाटिकेत नेलं. प्रत्येकाचा हात सर्वांत उंच रोपाकडे जात होता. छोट्या पिशवीतलं उंच, काडीसारखं रोप बहुतेक वेळा जुनं असतं. त्याची मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात. म्हणून मुलांना एकच परीक्षा शिकवली. पिशवी उचलून बघायची. तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल, तर ते रोप ठेवून द्यायचं. खोड पेन्सिलीएवढं जाड आणि उंची दोन-अडीच फूट असली की पुरे. आणलेली रोपं आठवडाभर अंगणात उन्हात ठेवली, कारण रोपवाटिकेच्या सावलीतून थेट माळावर गेलेलं रोप होरपळतं.

जातींवर बरीच चर्चा झाली. लिंब सगळ्यांना हवा होता, पण शेळ्यांना तो आपल्याहून जास्त आवडतो. करंज आणि सीताफळाच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून रस्त्याकडच्या बाजूला ती लावली. सीताफळ तर आपल्या बालाघाटच्या डोंगरांचंच झाड, खडकाळ जमिनीतही तग धरणारं. आतल्या बाजूला लिंब घेतले. एका वडीलधाऱ्या चाचांनी दोन बोरी लावायला सांगितलं. मय्यतीच्या गुस्लच्या पाण्यात बेरीची पानं टाकतात आणि ऐन वेळी ती शोधत फिरावं लागतं, हे त्यांचं कारण कुणालाच नाकारता आलं नाही. सगळी झाडं कबरींपासून दूर, भिंतीच्या कडेनेच लावायची, हे कब्रस्तान कमिटीशी आधी बोलून ठरवलं होतं.

खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू दिले होते. दोन फूट लांब, रुंद आणि खोल. भरताना माती, तलावातला गाळ आणि पूर्ण कुजलेलं शेणखत टाकलं. कच्चं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी येते. लावायच्या दिवशी मोठ्यांचं काम एवढंच, की ब्लेडने प्लॅस्टिकची पिशवी कापून बाजूला काढायची. पहिल्या वर्षी मेलेली रोपं उपटली, तेव्हा काहींच्या मुळांना पिशवी तशीच होती.

त्या दिवशी मौलानांनी मुलांना हदीस समजावून सांगितली, की मुसलमानाने लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं. लगेच एका मुलीने विचारलं, “मग शेळीने रोपच खाल्लं तर?” मौलाना हसले. म्हणाले, “सवाब मिळेल बेटा, पण शेळीला पुढच्या वर्षी काय खाऊ घालशील?” त्याच दुपारी बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागलं.

आता पाळीचं. प्रत्येक रोपाला दोन मुलं. बत्तिसांपैकी नऊ मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली होती. त्या नऊ जणांना नऊ वेगवेगळ्या रोपांवर नेमलं आणि प्रत्येकाचा जोडीदार गावातच राहणारा दिला. पाऊसकाळात जास्त जबाबदारी जाणाऱ्याची: तण काढणं, काठी बांधणं, खंड पडला तर बोट खुपसून ओल पाहणं. दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच पाणी. दसऱ्याला ‘रोप सोपवणं’ झालं. जाणाऱ्याने जोडीदाराला रोपापाशी नेऊन सगळं दाखवायचं. यादी मकतबच्या दारावर लावली होती.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात मेमध्ये झाडासाठी नळाचं पाणी मागायला तोंड होत नाही. पण मशिदीत दिवसातून पाच वेळा वजूचं पाणी गटारात जात होतं. त्यात साबण नसतो. आम्ही ती नाली वळवून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सोडली, तोंडाला जाळी बसवली. हिवाळ्यात रोपाला आठवड्यातून एकदा दहा लिटर, उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी. सोळा रोपांना एका फेरीत एकशे साठ लिटर लागतं, म्हणजे एक ड्रम पुरतो. दहा लिटर उचलणं लहान मुलांना जमत नाही, म्हणून तेलाचे पाच लिटरचे कॅन ठेवले. असरच्या नमाजनंतर दोन खेपा, की पाळी संपली.

देखरेखीच्या फेऱ्या आम्ही पाच ठरवल्या. पहिली पंधरा दिवसांनी, पण खरी उपयोगाची ठरली ऑगस्टची. काळ्या मातीत झाडाभोवती खोलगट आळं केलं, की पावसात त्यात पाणी साचून मुळं कुजतात. खालच्या कोपऱ्यातली दोन रोपं आमची तशीच गेली. पानं पिवळी पडून लोंबली होती आणि मुलं तहान समजून आणखी पाणी घालत होती. उरलेल्यांना आम्ही बुंध्याशी मातीची भर दिली आणि पाऊस संपल्यावर तिचंच आळं केलं. जानेवारीच्या फेरीत जमिनीला पडलेल्या भेगा मातीने बुजवून वर पाचट अंथरलं, कारण भेगांतून मुळांपर्यंत हवा जाऊन ती सुकतात.

मार्चमध्ये एका जोडीने सीताफळाला पाणी घालणं थांबवलं. सगळी पानं गळाली होती, मुलांच्या मते ते मेलं होतं. नखाने साल थोडी खरवडून पाहिली, तर आत हिरवं! सीताफळ या दिवसांत पानं टाकतंच. त्यानंतर मुलांनी मोहल्ल्यातलं प्रत्येक झाड खरवडायला घेतलं, तो त्रास वेगळा.

दुसऱ्या पावसाच्या सुरुवातीला मोजली, तेव्हा बारा होती. दोन कुजली, एक लिंब कुंपण मोडून शेळीने खाल्ला. एक करंज मे महिन्यात वाळला, कारण त्याची दोन्ही मुलं एकाच आठवड्यात आपापल्या नानीकडे गेली होती. ती चूक आमची. यंदा प्रत्येक रोपावर तिसरं नाव आहे, फज्रला न चुकता येणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचं.

ऊसतोडीहून परतलेल्या नऊ मुलांपैकी सातजणांची रोपं जगली होती. एक मुलगा ट्रॅक्टरमधून उतरला तो घरी न जाता आधी भिंतीपाशी गेला. बोर त्याच्या खांद्याला लागत होती. जोडीदाराला म्हणाला, “आता उद्यापासून मी घालतो पाणी, तू बस.”

यंदा आम्ही चारच खड्डे खणले आहेत. खालचा कोपरा मात्र सोडून दिला.